एसीची घूं घालवताना आजोबांचा आवाज जाऊ नये म्हणून

जुन्या लँडलाइन फोनवर सगळ्यांचेच आवाज थोडे डब्यातून आल्यासारखे का वाटायचे, याचं उत्तर सोपं आहे. टेलिफोनच्या यंत्रणेतून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवला जायचा. बोलणं कळायला तेवढा पुरतो. पण पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर बहुधा 85 ते 155 हर्ट्झच्या आसपास असतो आणि बाईचा 165 ते 255च्या दरम्यान, म्हणजे दोन्ही त्या पट्ट्याच्या बाहेर. तरीही फोनवर पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटतो, कारण वरचे स्वरांश ऐकून मेंदू खालचा हरवलेला मूळ स्वर आपल्या आपण भरून काढतो. स्वराची उंची कळते, भरदारपणा मात्र येत नाही.

मुलाखतीच्या रेकॉर्डिंगमधून एसीचा आवाज काढायला बसलेली माणसं नेमकी इथेच फसतात. घूं खाली आहे म्हणून खालचा सगळा भाग कापतात, आवाज 'स्वच्छ' झाला म्हणून खूश होतात आणि मेंदूने मूळ स्वर भरून काढल्यामुळे आपण काय घालवलं हे त्यांच्या लगेच लक्षातही येत नाही. ते दुसऱ्या दिवशी कळतं. मूळ फाइल आणि साफ केलेली फाइल एकापाठोपाठ वाजवली की दुसरीतला माणूस लँडलाइनवरून बोलत असतो.

हा घोटाळा टाळायचा तर आधी एसीचा आवाज म्हणजे काय ते नीट बघायला हवं, कारण तो एक आवाज नाही. घरातल्या साध्या स्प्लिट एसीचा आवाज निदान तीन ठिकाणांहून येतो. बाहेरच्या युनिटमध्ये कॉम्प्रेसर असतो. त्याची मोटर भारतातल्या 50 हर्ट्झच्या विजेवर चालते आणि तिच्या चुंबकीय भागांची थरथर विजेच्या दुप्पट वेगाने, म्हणजे 100 हर्ट्झवर होते. शिवाय मोटरचं प्रत्यक्ष फिरणं असतं. साध्या, बिगर-इन्व्हर्टर एसीतली मोटर विजेच्या तालापेक्षा जराशी मागे फिरते, सेकंदाला 50 फेऱ्यांऐवजी 48 ते 49च्या आसपास. ही थरथर भिंतीत बसवलेल्या ब्रॅकेटमधून घरात उतरते. आणि तिसरा आवाज आतल्या युनिटच्या ब्लोअरचा. त्याला ठराविक सूर नसतो. ती नुसती वाऱ्याची सळसळ, खालपासून वरपर्यंत पसरलेली.

पहिले दोन आवाज म्हणजे बारीक, जागच्या जागी थांबलेल्या रेषा. तिसरा म्हणजे पातळ पसरलेला थर. रेषा काढायचं हत्यार वेगळं आणि थर विरळ करायचं वेगळं. दोन्हींसाठी एकच हत्यार वापरलं की बोलणाऱ्याच्या आवाजाचा बळी जातो.

नमुन्यादाखल एक रेकॉर्डिंग घेऊ. मे महिना, ठाण्यातला फ्लॅट, सत्तरी ओलांडलेले एसटीचे निवृत्त चालक आणि त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करणारी नात. ती विचारते, "आजोबा, एसी थोडा वेळ बंद करू का?" त्यावर उत्तर येतं, "राहू दे गं, घामाने जीव जाईल." असा संवाद कुठल्याही घरात होतो आणि एसी चालूच राहतो. आजोबांचा आवाज खर्जातला, मूळ स्वर साधारण 110 हर्ट्झ. ही सगळ्यात अवघड जोडी आहे, कारण 100 हर्ट्झची घूं आणि 110चा आवाज अगदी खेटून बसलेत. नात किंवा आजी बोलत असती तर काम पुष्कळ सोपं झालं असतं.

या रेकॉर्डिंगमधली सगळ्यात मौल्यवान गोष्ट म्हणजे सुरुवातीची ती 20-30 सेकंदं, जेव्हा माइक चालू होता आणि कोणीच बोलत नव्हतं. सिनेमाच्या युनिटमध्ये साउंडची माणसं प्रत्येक जागी मुद्दाम अशी शांतता रेकॉर्ड करून घेतात, तिला रूम टोन म्हणतात. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये ती बहुधा अपघातानेच मिळते. ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हा तुकडा निवडून `Analyze` मेनूतलं `Plot Spectrum` उघडलं की घूंचा नकाशा समोर येतो. तिथे `Size` मात्र 65536 ठेवायला हवा. लहान आकड्यावर शेजारशेजारच्या रेषा एकमेकींत मिसळून एकच जाड टेकडी दिसते. 48000 हर्ट्झवर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये 65536 घेतला, तर एका हर्ट्झपेक्षा कमी अंतरावरच्या बिंदूंचाही वेगळा हिशेब मिळतो.

आजोबांच्या खोलीत चार सुळके दिसतात: 48.5, 97, 100 आणि 200 हर्ट्झ. पहिला मोटरच्या फिरण्याचा, दुसरा त्याच्या दुपटीचा, शेवटचे दोन विजेचे. 97 आणि 100 जवळजवळ असल्यामुळे त्यांची आपसात झटापट होते आणि कानाला सेकंदाला तीन वेळा घूं-घूं-घूं असं हेलकावणं ऐकू येतं. इन्व्हर्टर नसलेल्या एसीचं हे हेलकावणं अनेकांनी अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकलेलं असतं. सुळक्यांच्या पलीकडे, 300पासून 6000 हर्ट्झपर्यंत, ब्लोअरचा हळूहळू उतरत जाणारा थर दिसतो.

आता काम सुरू. पहिली पायरी हाय-पास फिल्टर: एका ठराविक रेषेच्या खालचं अडवायचं, वरचं जाऊ द्यायचं. घात इथेच होतो, कारण इंटरनेटवरचे बरेच सल्ले 'बोलण्यासाठी 150 हर्ट्झच्या खालचं कापून टाका' असं सरसकट सांगतात. हिशेब केला तर काय होतं ते दिसतं. 150 हर्ट्झवर 24 डेसिबलच्या उताराचा फिल्टर लावला, तर आजोबांचा 110चा मूळ स्वर सुमारे 11 डेसिबलने खाली जातो. 6 डेसिबल म्हणजे लहरीची उंची निम्मी, 12 म्हणजे पाव. म्हणजे मूळ स्वराचा जवळपास चतुर्थांशच उरला. तोच फिल्टर 75 हर्ट्झवर लावला, तर 48-50 हर्ट्झची घूं 14 डेसिबलने उतरते आणि 110चा स्वर पाव डेसिबलनेही हलत नाही. वाक्याच्या शेवटी आवाज 85पर्यंत उतरला, तरी फटका दीड डेसिबलच्या आतच राहतो, तो कोणालाही जाणवणार नाही.

ऑडॅसिटीत हे करायचं ठिकाण म्हणजे `High-Pass Filter`. `Frequency` मध्ये 75 आणि `Roll-off` मध्ये 24. बाईचा आवाज असेल तर फिल्टर 100-120 हर्ट्झपर्यंत वर नेता येतो, तोही कापण्यासारखं काही तिथे दिसत असेल तरच. बोलणाऱ्याचा सगळ्यात खालचा स्वर कुठे आहे हे न बघता आकडा ठरवणं म्हणजे शिंप्याने गिऱ्हाइकाचं माप न घेता कापड कापण्यासारखं आहे. हे माप घ्यायचं कसं? आजोबांनी शांतपणे वाक्य संपवलेला एखादा तुकडा निवडून त्याच `Plot Spectrum` मध्ये बघायचा. डावीकडून पहिला सुळका, जो रूम टोनच्या नकाशात नव्हता, तो त्यांचा.

75च्या फिल्टरने 97, 100 आणि 200च्या रेषांना धक्का लागलेला नसतो. त्यांच्यासाठी नॉच फिल्टर, म्हणजे एका नेमक्या जागी पाडलेली अरुंद खाच. खाच किती अरुंद ते `Q` या आकड्यावर ठरतं: मधली वारंवारता भागिले खाचेची रुंदी. 100 हर्ट्झवर `Q` 30 ठेवला, तर खाच जेमतेम 3.3 हर्ट्झची होते.

आता कोणी विचारेल की खाच कितीही अरुंद असली तरी ती आवाजाच्याच भागात पाडली जाते आहे, मग आवाज बारीक होत नाही का? होत नाही आणि त्याचं कारण माणसाच्या बोलण्यातच आहे. एसीची घूं एका जागी खिळलेली असते. बोलणाऱ्याचा स्वर क्षणभरही एका जागी थांबत नाही. प्रश्न विचारताना वर जातो, पूर्णविरामाला खाली येतो, 'अहो काय सांगू' म्हणताना तर सरळ घसरगुंडीच. 98.5 ते 101.5च्या अरुंद खाचेतून तो अधूनमधून जातो आणि लगेच बाहेर पडतो. खाच घूंला कायमची गिळते, आवाजाला फक्त ओझरतं चाटून जाते.

खाच फारच अरुंद केली तर मात्र दुसरी पंचाईत होते. एक म्हणजे मोटरचा वेग भाराप्रमाणे थोडा बदलतो, त्यामुळे 97ची रेषा कधी 96.6 तर कधी 97.4 असते. विजेची वारंवारतासुद्धा काटेकोर 50 नसते. भारतीय ग्रिडसाठी 49.90 ते 50.05 हर्ट्झ हा स्वीकारार्ह पट्टा ठरवलेला आहे. 100 हर्ट्झवर हा फरक दशांशातला, पण 500 किंवा 600 हर्ट्झच्या पटीवर तो त्याच्या पाचपट-सहापट झालेला असतो. दुसरं म्हणजे अति अरुंद फिल्टर घंटेसारखा घुमतो, खोकला किंवा टाळी वाजली की मागे बारीक शेपूट उरते. म्हणून 97ला `Q` 20, 100 आणि 200ला 30 असा बेत बरा. चौथी-पाचवी रेषा शोधत बसायची गरज नसते. जी रूम टोनच्या नकाशात आजूबाजूच्या पातळीपेक्षा स्पष्ट वर उठलेली आहे तीच काढायची. सगळ्या पटींवर, 50, 100, 150, 200 असं वीस ठिकाणी डोळे झाकून खाचा पाडल्या, तर शेवटी आवाज नळीतून आल्यासारखा होतो.

इथवर आलं की घूंची हेलकावणी थांबलेली असते. उरते सळसळ.

सळसळीसाठी बहुतेक सगळे जण `Noise Reduction` कडे सर्वात आधी धाव घेतात. ते सर्वात शेवटी घ्यायचं. का, ते समजायला हे हत्यार काम कसं करतं ते थोडक्यात बघावं लागेल. युटा विद्यापीठातल्या स्टीव्हन बोल यांनी 1979 साली मांडलेल्या पद्धतीची ही वंशावळ आहे. आवाजाचे छोटे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वारंवारतेच्या अनेक पट्ट्यांमध्ये फोडायचा, नुसत्या गोंगाटात प्रत्येक पट्ट्याची पातळी किती होती ते लक्षात ठेवायचं आणि ज्या पट्ट्यात आवाज त्या पातळीच्या वर जात नाही तो पट्टा खाली ओढायचा. ऑडॅसिटी 2048 नमुन्यांचे तुकडे करते. 48000च्या रेकॉर्डिंगमध्ये यातला प्रत्येक पट्टा सुमारे 23 हर्ट्झ रुंद होतो.

वर 3000 हर्ट्झच्या भागात 23 हर्ट्झ म्हणजे काहीच नाही. पण तळाशी? 100ची घूं आणि 110चा आजोबांचा स्वर एकाच पट्ट्यात येतात. यंत्राला त्या दोघांत फरकच करता येत नाही. घूं मोठी असेल तर ते आजोबांचा मूळ स्वरही तिच्याबरोबर खाली ढकलतं, विशेषतः ते हळू बोलत असतील तेव्हा. आवाज बारीक होण्याचं हे दुसरं कारण, आणि पहिल्यापेक्षा जास्त फसवं, कारण इथे कोणी 'खालचं काप' असं सांगितलेलं नसतं.

म्हणूनच क्रम महत्त्वाचा आहे. आधी फिल्टर आणि खाचा, मग त्या *साफ झालेल्या* रूम टोनवरून `Get Noise Profile` नव्याने घ्यायचं. घूं निघून गेल्यामुळे नव्या प्रोफाइलमध्ये तळाची पातळी कमी असते, यंत्राला तिथे दाबण्यासारखं फारसं सापडत नाही आणि ते आपली ताकद वरच्या सळसळीवर लावतं. आधी घेतलेलं जुनं प्रोफाइल वापरलं तर सगळी मेहनत पाण्यात.

आता किती कमी करायचं? खिडकीतले आकडे सरकवायला मजा येते आणि हात सैल सुटतो. 24 डेसिबल केलं की बोलण्यामधली जागा निःशब्द होते, पण आवाजाच्या आत पाण्याच्या बुडबुड्यांसारखी किणकिण सुरू होते. गोंगाट कोणत्याही क्षणी त्याच्या सरासरीइतकाच नसतो, काही पट्टे पातळीच्या थोडे वर उसळतात, यंत्र त्यांना आवाज समजून सोडून देतं आणि ते एकेकटे सुटे सूर होऊन लुकलुकतात. ध्वनीच्या अभ्यासात याला 'म्युझिकल नॉइज' असं नाव आहे. त्यात संगीत काही नाही.

मुलाखतीसाठी 6 डेसिबल, फार तर 9, एवढं पुरतं. `Sensitivity` 6च्या आसपास आणि `Frequency smoothing` 6. सळसळ जाणार नाही, निम्मी होईल. आणि तेच बरं, कारण एकसारखा, न बदलणारा आवाज ऐकणाऱ्याच्या लक्षातून दोन मिनिटांत जातो. बोलणं चालू असताना तो बोलण्याखाली झाकला जातो. कान खुपतो बदलाला. शब्दाबरोबर सळसळ उगवते आणि शब्दाबरोबर मावळते, असं झालं की ऐकणारा आजोबांच्या गोष्टीऐवजी तेच ऐकत बसतो. नॉइज गेट नावाचं हत्यार मुलाखतीला याच कारणाने चालत नाही. ते विरामात पूर्ण शांतता करतं आणि प्रत्येक शब्दाबरोबर खोलीचं दार उघडतं. ऑडिओबुकच्या बाजारात पार्श्वभूमीची पातळी −60 डेसिबलच्या खाली हवी अशी अट घालणारे मंच आहेत, पण घरातल्या आठवणी किंवा नियतकालिकाच्या पॉडकास्टला तो नियम लावून घ्यायचं कारण नाही.

आकडे बरोबर आहेत की नाहीत हे तपासायची एक खात्रीची जागा त्याच खिडकीत आहे आणि बहुतेक जण तिच्याकडे बघतही नाहीत. `Reduce` च्या शेजारी `Residue` असतं. ते निवडून `Preview` दाबलं की जे काढून टाकलं जाणार आहे तेवढंच ऐकू येतं. त्यात नुसती सळसळ असेल तर सगळं ठीक. त्यात आजोबा बोलताना ऐकू आले, शब्द ओळखता आले, तर तो त्यांच्या आवाजाचाच तुकडा आहे. मग `Sensitivity` कमी करायची किंवा डेसिबल.

मराठी बोलण्यात इथे एक खास काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे ख, घ, थ, ध, भ, ह असे महाप्राण वर्ण भरपूर, आणि त्यांच्यातला 'प्राण' म्हणजे प्रत्यक्षात हवेचा छोटासा झोत. त्याला सूर नसतो किंवा अगदी पुसट असतो, पातळी कमी असते आणि तो बऱ्याच रुंद पट्ट्यात पसरलेला असतो. म्हणजे यंत्राच्या दृष्टीने तो थेट एसीच्या ब्लोअरचा चुलतभाऊ. जोर जास्त झाला की तो झोत गोंगाटात धरला जातो आणि 'घाट' चा 'गाट', 'भाडं' चं 'बाडं' ऐकू येऊ लागतं. एसटीच्या आठवणींत खंबाटकी घाट, भोर, धुळे अशी नावं पदोपदी येणार. `Residue` ऐकताना नेमकी हीच नावं असलेला तुकडा निवडावा. वाक्याच्या शेवटी आवाज विरत जातो ती जागाही ऐकावी, कारण 'होतं', 'गेलो' यांची शेपटं आधी कापली जातात.

बारीकपणा तपासायला 'म' आणि 'न' उपयोगी पडतात. तोंड बंद करून नाकातून येणाऱ्या या वर्णांची बरीच शक्ती 250-300 हर्ट्झच्या आसपास किंवा त्याखाली असते. 'आमच्या मामांनी मला' अशा वाक्यात आधीचा भरदारपणा शाबूत आहे की नाही हे लगेच कळतं. हे ऐकायला हेडफोन हवेत. मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून तळाचे स्वर मुळात बाहेरच येत नाहीत, त्यामुळे त्यावर कापलेली आणि न कापलेली फाइल सारखीच वाटते.

तुलना करताना आणखी एक फसगत होते, ती कानाची. कमी पातळीवर ऐकताना माणसाला खालचे स्वर वरच्या स्वरांपेक्षा फार लवकर ऐकू येईनासे होतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 सालीच हे मोजून दाखवलं. साफ केलेली फाइल मूळ फाइलपेक्षा एक-दोन डेसिबलने हळू असेल, तर ती केवळ तेवढ्यामुळेच बारीक वाटते आणि माणूस नसलेला दोष दुरुस्त करायला जातो. म्हणून आधी दोन्ही फाइलींमधल्या बोलण्याची पातळी सारखी करायची, मग डावं-उजवं ठरवायचं. तरीही आवाज हलका वाटलाच, तर `Filter Curve EQ` मध्ये 120 ते 220 हर्ट्झच्या भागाला एक ते दोन डेसिबलचा रुंद, सौम्य उठाव द्यावा. त्याहून जास्त लागत असेल तर उपाय इथे नाही, मागच्या एखाद्या पायरीवर जास्त कापलं गेलंय. तिकडे परत जावं.

आजोबांच्या फाइलचं काम इथवर सरळ झालं, कारण एसी पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत सारखाच चालला असं आपण धरलं. प्रत्यक्षात तसं क्वचितच होतं. खोली गार झाली की साधा एसी कॉम्प्रेसर बंद करतो आणि नुसता पंखा फिरतो. दहा-पंधरा मिनिटांनी कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होतो. म्हणजे एकाच मुलाखतीत दोन वेगळे गोंगाट. ट्रॅकचं दृश्य बदलून `Spectrogram` केलं की हे डोळ्यांना दिसतं: तळाच्या आडव्या रेषा मध्येच तुटतात आणि पुढे पुन्हा सुरू होतात. तिथे फाइलचे भाग पाडून प्रत्येक भागासाठी त्याच भागातल्या विरामातून वेगळं प्रोफाइल घ्यावं लागतं. इन्व्हर्टर एसीत रेषा आडव्या न राहता तिरक्या जातात, कारण कॉम्प्रेसरचा वेगच बदलत असतो. तिरक्या रेषेवर एका जागची खाच चालत नाही. अशा वेळी 75चा फिल्टर, थोडं नॉइज रिडक्शन, आणि उरलेली घूं तशीच राहू द्यायची. आतल्या युनिटची पाती वर-खाली हलत असतील तर सळसळही झोक्यासारखी येते-जाते, तिचं प्रोफाइल कुठलंच धड बसत नाही.

याहून वाईट अवस्था मोबाइलच्या काही ॲपमुळे होते. बोलणं थांबलं की ॲप माइकची पातळी आपोआप वाढवतं, त्यामुळे विरामात घूं फुगते आणि पहिल्या शब्दाबरोबर दबते. इथे गोंगाट स्थिर नाही आणि प्रोफाइल विरामातूनच घेतलेलं असल्याने ते प्रत्यक्ष बोलण्याखालच्या घूंपेक्षा मोठं निघतं. मग यंत्र आवाजच जास्त खातं. अशा फाइलवर 3-4 डेसिबलच्या पुढे जाऊ नये. व्हॉट्सॲपवरून आलेली ऑडिओ फाइलही टाळावी, कॉम्प्रेस होताना तिच्यातली बारीक माहिती आधीच गाळली गेलेली असते. ज्या फोनवर रेकॉर्ड केलं त्यातून मूळ फाइल मागवून घ्यावी.

दुसऱ्यांदा रेकॉर्ड करायची संधी असेल, तर सॉफ्टवेअरपेक्षा फूटपट्टी जास्त कामाची. माइक तोंडापासून 60 सेंटिमीटरवर होता तो 15वर आणला, तर बोलणं सुमारे 12 डेसिबलने मोठं होतं आणि एसी आहे तिथेच राहतो. वर ज्या 6-9 डेसिबलसाठी एवढी खटपट केली, त्याहून जास्त इथे फुकट मिळतं, आवाजाचा कणही न गमावता. दिशादर्शी माइक असेल तर जवळ नेल्यावर खालचे स्वर उलट थोडे वाढतात, म्हणजे बारीकपणाचा प्रश्नच मिटतो. कॉलरला लावायचे माइक बहुधा सर्व बाजूंनी ऐकणारे असतात, त्यांच्यात हा फायदा नाही, पण अंतर कमी असल्याचा फायदा आहेच. एसी बंद करणं शक्य नसेल तर निदान पाती एका जागी थांबवावीत, पंख्याचा वेग `Auto` वरून काढून सर्वात कमी ठेवावा आणि बोलायला सुरुवात करण्याआधी सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प बसावं. आजोबांना मुलाखतीआधी अर्धा तास खोली गार करून दिली, तर पहिली वीस मिनिटं एसी बंद ठेवायला त्यांचीही हरकत नसते.

साफ केलेली फाइल वेगळ्या नावाने डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवावी आणि मूळ फाइलला हात लावू नये. याला एक अनपेक्षित कारणही आहे. विजेची वारंवारता दिवसभर किंचित खाली-वर होत असते आणि रेकॉर्डिंगमध्ये उमटलेली ती घूं ग्रिडच्या नोंदींशी ताडून रेकॉर्डिंग कधी झालं, त्यात मागाहून काटछाट झाली का, हे न्यायवैद्यक तज्ज्ञ तपासतात. कौटुंबिक आठवणींना त्याची गरज पडणार नाही. पण मुलाखत जमिनीच्या वादाची, कामगाराच्या अपघाताची किंवा एखाद्या आरोपाची असेल, तर जी रेषा पत्रकार खाचा पाडून घालवतो तीच उद्या त्या रेकॉर्डिंगच्या खरेपणाचा पुरावा ठरू शकते.